सात रात्रींचा रोजमेळ

संध्याकाळी सव्वासहाला कॅश मोजली तेव्हा पाच हजार रुपये कमी आले. मशीनवर पुन्हा टाकली, मग हातानं मोजली; पाच हजार कमीच. दिवसभराच्या स्लिपा उलटत गेले तेव्हा चूक सापडली. एका सभासदानं १२,५०० रुपये काढण्याची स्लिप भरली होती आणि मी १७,५०० त्यांच्या हातात ठेवले होते. त्यांच्या हातचा दोन मला सात दिसला. खाली अक्षरात ‘बारा हजार पाचशे’ लिहिलेलं होतं आणि त्यावर माझ्याच पेनाची बरोबरची खूण होती. म्हणजे मी ते वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. पैसे परत आले नाहीत. पगारातून दोन हप्त्यांत मी ते भरले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत चौदा वर्षं कॅशवर बसते. वय सदतीस, दोन मुलं, घरात सासूबाई; त्यांना मी आत्या म्हणते. चुकीचं कारण मला त्या दिवशीच ठाऊक होतं: आदल्या रात्री झोपेची गोळी घेतली होती. गोळी का घेतली, तेही ठाऊक होतं: पाळी चार दिवसांवर आली होती, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझी झोप पार विसकटते. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्या आठवड्यात शरीर माझ्या झोपेतून जेवढं काढून घेतं, जवळजवळ तेवढंच मी माझ्या उपायांनी घालवत होते. हा हिशेब मला पुढच्या सहा महिन्यांत लागला. तो जसा लागला तसा इथे मांडते. सगळ्यांचे आकडे माझ्यासारखे नसतील, पण हिशेब मांडायची रीत तीच.

उसनी गोळी

धाकट्या मुलीनंतर दोन-तीन वर्षांनी हे सुरू झालं. एरवी मी पडल्या पडल्या झोपणारी बाई. पण पाळीच्या आधी सहा-सात दिवस झोप पातळ व्हायची. अकराला डोळा लागायचा, दीडला उघडायचा, मग तीनला, मग चारला. बाहेर कुत्रं भुंकलं तरी जाग, ह्यांनी कूस बदलली तरी जाग. सकाळी वाटायचं, रात्रभर आपण झोपेच्या उंबऱ्यावरच उभ्या होतो. आणि पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दगडासारखी झोप. सुरुवातीला मी हे कशाशीच जोडलं नाही. कधी मार्चअखेरचं काम, कधी मुलाचा ताप, कधी जेवणात वांगी. दर महिन्याला नवं कारण सापडायचं.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलामच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी चार घेतल्या आणि पट्टी कपाटात ठेवून दिली. एका रात्री दोनला उठून मी त्यातली अर्धी घेतली. सकाळपर्यंत कूससुद्धा बदलली नाही.

पहिल्या महिन्यात अशा तीन रात्री झाल्या, दुसऱ्या महिन्यात पाच. तिसऱ्या महिन्यात अर्धीनं काम होईना म्हणून पूर्ण गोळी. पट्टी संपली तेव्हा आत्यांचीच जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या मेडिकलमधून दुसरी आणली. चौथ्या महिन्यात एक नवीच गोष्ट घडली: पाळी आली, गोळी थांबवली, आणि ज्या रात्री मी एरवी गाढ झोपायचे त्याच रात्री टक्क जागी राहिले. छातीत धडधड, पायात अस्वस्थपणा. म्हणून पुन्हा गोळी. पाच हजार कमी आले ते या चौथ्या महिन्यानंतरच्या चक्रात. तोपर्यंत माझ्या महिन्यातल्या वीसेक रात्री गोळीवर जात होत्या.

आत्यांना पट्टीचा पत्ता लागला तेव्हा त्या फारशा रागावल्या नाहीत. “अगं, अंगात उष्णता वाढलीय तुझ्या. त्याला गोळी काय करणार? सब्जा भिजव,” एवढंच म्हणाल्या. मी हसले. पुढे महिन्याभरातच त्यांचं अर्धं म्हणणं थर्मामीटरवर खरं ठरलं.

तेच कुलूप, दुसरी किल्ली

गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे गेले. गोळीचं मी शेवटी सांगितलं, लाजत. त्यांनी तेच आधी धरलं.

“पाळीच्या आधी झोप का जाते, हे कळलं की गोळीनं काय केलं तेही कळेल,” त्या म्हणाल्या आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला एक डोंगर काढला. बीजकोशातून अंडं बाहेर पडलं की मागे जी पिवळी गाठ उरते, ती प्रोजेस्टेरॉन तयार करते. साधारण आठवडाभर ते चढत जातं. गर्भ राहिला नाही तर गाठ सुकते आणि पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. सोबत इस्ट्रोजेनही उतरतं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर आणखी एक पदार्थ बनवतं, त्याचं नाव अॅलोप्रेग्नॅनोलोन. मेंदूत पेशींना शांत करणारी जी ‘गाबा’ नावाची यंत्रणा आहे, तिच्यावर तो काम करतो. थोडक्यात, शरीर दर महिन्याला स्वतःच एक शामक तयार करतं, आठवडाभर देतं आणि मग चार-पाच दिवसांत काढून घेतं. काही बायकांच्या मेंदूला हे काढून घेणं जाणवतच नाही. काहींना ते चांगलंच जाणवतं: झोप हलकी होते, जीव चिडचिडा होतो, लहानशा आवाजानंही दचकायला होतं.

“आणि अल्प्राझोलाम?” मी विचारलं.

“त्याच कुलपावर चालणारी दुसरी किल्ली. शरीर आपलं शामक काढून घेत होतं त्याच दिवसांत तुम्ही बाहेरून दुसरं देत होता, आणि पाळी आली की तेही काढून घेत होता. म्हणजे एका महिन्यात दोनदा उतार. चौथ्या महिन्यात पाळीनंतरही जाग आली ती तुमच्या पाळीमुळे नव्हे, गोळी सुटल्यामुळे.”

इथे एक सावधगिरीची गोष्ट. हे ऐकून मी म्हणाले, “मग आजपासून बंदच करते.” त्यांनी हात वर केला. बरेच आठवडे अशी गोळी घेतल्यावर ती एकदम तोडली तर झोप आणखी उडते, घबराट होते, आणि मोठा डोस असेल तर आकडीही येऊ शकते. त्यांनी मला तीन आठवड्यांत हळूहळू उतरवलं. जिच्या हातून ही गोळी सुटायची असेल तिनं ती डॉक्टरांना सांगूनच सोडावी, आणि दुसऱ्याच्या पट्टीतली पहिली अर्धी तर उचलूच नये. सर्दीच्या ज्या गोळीनं गुंगी येते तीही झोपेसाठी घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तिचा असर काही रात्रींतच ओसरतो, दुसऱ्या दिवशीचं जडपण मात्र राहतं. आणि जायफळ? दुधात चिमूटभर असतं तोवर ते स्वयंपाकातलं आहे. झोप येत नाही म्हणून चमचाचमचा घालू नये. पाच ग्रॅमच्या आसपास गेलं की धडधड, उलट्या, भ्रम असे विषारी परिणाम होतात.

आत्यांची उष्णता

डॉक्टर बाईंनी दुसरं कारण सांगितलं ते तापमानाचं. झोप लागण्याच्या सुमाराला शरीराच्या आतली उष्णता उतरायला लागते; हातापायांच्या कातडीवाटे ती बाहेर टाकली जाते. पहाटे ती सगळ्यात खाली असते. हा उतार झोपेला लागतो. प्रोजेस्टेरॉन मात्र शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वर ठेवतं आणि रात्रीचा उतारही कमी करतं. ताप नसतो, पण अंग पुरतं निवतही नाही.

मला आकडा दिसल्याशिवाय पटत नाही. घरातला साधा डिजिटल थर्मामीटर उशाशी ठेवला आणि रोज पहाटे उठण्याआधी, बोलण्याआधी, जिभेखाली धरून आकडा लिहिला. पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत तो ९७.३ फॅरनहाइटच्या आसपास असायचा. महिन्याच्या मध्यानंतर दोन-तीन दिवसांत तो ९८ वर गेला आणि तिथेच राहिला. पाळीच्या आदल्या दिवशी पुन्हा उतरला. सात-दशांश अंश. कपाळाला हात लावून कुणाला कळणार नाही, पण फोमच्या गादीवर, चादर अंगावर घेऊन झोपणाऱ्या बाईला पहाटे तीनला जागं करायला तो पुरतो. आत्यांना मी आकडे दाखवले. “मी काय सांगत होते?” त्या म्हणाल्या. सब्ज्यानं मात्र थर्मामीटरचा आकडा हलला नाही, हेही मी त्यांना दाखवलं.

झोपेचा रोजमेळ

डॉक्टर बाईंनी झोपेसाठी औषध दिलं नाही. वही घालायला सांगितली. हे काम माझ्या हातचं होतं. रोज संध्याकाळी रोजमेळ लावणाऱ्या बाईला रकाने आखायला कितीसा वेळ लागतो! मी सहा रकाने केले: बिछान्यावर किती वाजता पडले, झोप अंदाजे कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली, सगळं मिळून किती वेळ जागी होते, किती वाजता उठले, आणि दुपारनंतर किती कप चहा झाला.

दोन नियम त्यांनी घालून दिले. पहिला, रात्री घड्याळ बघायचं नाही, मोबाइल तर नाहीच. वही सकाळी, अंदाजानं भरायची. पैशाच्या रोजमेळात अंदाज म्हणजे गुन्हा, इथे मात्र तोच बरोबर. कारण रात्री तीनला घड्याळ पाहिलं की ‘आता उठायला पावणेतीनच तास उरले’ ही वजाबाकी सुरू होते आणि तीच झोप उडवते.

दुसरा नियम, दिवस उलटे मोजायचे. पाळी आली की त्या दिवसाला एक म्हणायचं आणि मागच्या दिवसांना उणे एक, उणे दोन असे आकडे द्यायचे. कारण अंडं बाहेर पडल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो आणि एकाच बाईच्या बाबतीत तो फारसा हलत नाही. चक्र २६ दिवसांचं झालं काय किंवा ३२ दिवसांचं, फरक पडतो तो बहुतेक आधीच्या भागात. म्हणून ‘पंधरा तारखेपासून झोप बिघडते’ असं लिहिलं तर दर महिन्याला गोंधळ होईल. उलटं मोजलं की दोन-तीन महिन्यांत चित्र उठून दिसतं. माझं दिसलं: उणे सातपासून सुरुवात, उणे चार ते उणे एक सगळ्यात वाईट, पाळीच्या पहिल्या रात्री पोटदुखीमुळे वाईट, तिसऱ्या रात्रीपासून ठीक.

गोळी पूर्ण सुटल्यानंतरचे पहिले दोन महिने मी फक्त लिहीत गेले. सवयी जुन्याच ठेवल्या. ते आकडे असे निघाले. चांगल्या आठवड्यांत मी पावणेअकराला आडवी व्हायचे, पावणेसहाला उठायचे. बिछान्यावर सात तास, झोप साडेसहा तास. वाईट आठवड्यात थकवा असायचा म्हणून साडेनऊलाच पडायचे. आत्या म्हणायच्या, “राहू दे, चहा मी टाकते,” म्हणून साडेसहापर्यंत लोळायचे. बिछान्यावर नऊ तास. आणि झोप? सव्वापाच तास.

बिछान्यावर दोन तास जास्त आणि झोप सव्वा तास कमी. वहीत हे शेजारी शेजारी आलं तेव्हा चटकन दिसलं. मी झोप वाढवायला म्हणून वेळ वाढवत होते, आणि आधीच पातळ असलेली झोप मोठ्या परातीत ओतल्यासारखी आणखी पातळ होत होती. साडेनऊला पडले की अकरापर्यंत नुसती तळमळ. सकाळी उशिरा उठले की त्या रात्री झोपेची भूक कमी. पावणेचार तास मी अंथरुणात जागी असायचे, आणि त्या जागेपणात मन एकच गोष्ट शिकत होतं, की ही जागा तळमळण्याची आहे.

बदललं ते

तिसऱ्या महिन्यापासून मी उणे आठव्या दिवसापासूनच सावध व्हायला लागले. पहिला बदल वेळेचा. उठायची वेळ पावणेसहा, काही झालं तरी, रविवारीही. आणि वाईट आठवड्यात बिछान्यावर लवकर जाण्याऐवजी पाव तास उशिरा, अकराला. दुपारची डुलकी बंद. सुट्टीच्या दिवशी अगदीच डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं. पहिल्या महिन्यात हे अवघड गेलं. दोन सकाळी इतकी झोप होती की स्कूटी न काढता चालत गेले, आणि हा सल्ला मी इतरांनाही देईन: पेंगत असाल तर गाडीला हात लावू नका. ज्यांना फिट्स येतात किंवा तीव्र नैराश्याचा-उन्मादाचा आजार आहे, त्यांनी झोपेची वेळ कमी करण्याचा हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये.

दुसरा बदल रात्री तीनचा. जाग आली की पडून राहून झोपेची विनवणी करायची नाही. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, अंदाजानंच, की उठून पुढच्या खोलीत बसायचं. मंद दिवा, आणि कंटाळवाणं काम. मी मुलांचे मोजे जोड्या लावून ठेवते. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. पहिल्या काही रात्री दोनदा-तीनदा उठावं लागलं. पुढे एकदा, आणि बऱ्याच रात्री एकदाही नाही. कुठलं काम नको, तेही कळलं: एकदा मी बसून फटाफट महिन्याच्या किराण्याची यादी केली आणि सकाळपर्यंत जागी राहिले.

तिसरा बदल अंग निववण्याचा. दिवाळीत हौसेनं घेतलेली फोमची गादी ऊब धरून ठेवते. त्या सात रात्री मी कापसाच्या पातळ गादीवर, खाली चटई टाकून झोपते. अंगात सैल सुती गाऊन, पायांवर काही नाही. पंख्याच्या वेगावरून ह्यांच्याशी भांडण होतं, तेही सुटलं: त्यांना त्यांची वाकळ वेगळी, मला माझी चादर वेगळी. आणि एक उलटा वाटणारा उपाय. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट-गरम पाण्यानं दहा मिनिटं अंघोळ. गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, हातापायांवाटे आतली उष्णता बाहेर पडते आणि झोपेच्या वेळेपर्यंत अंग उतरणीला लागतं. याचे अभ्यासही झाले आहेत. झोप लागायला साधारण दहा मिनिटं कमी लागतात, एवढाच त्याचा फायदा. पण अगदी झोपायच्या तोंडावर अंघोळ केली तर अंग तापलेलंच राहतं. मी आधी तसंच करत होते आणि ‘अंघोळीनं काही होत नाही’ म्हणत होते.

चौथा बदल चहाचा. चहाच्या रकान्यातली बेरीज बघून मला लाज वाटली. एरवी दुपारनंतर एक कप. वाईट आठवड्यात तीन, त्यातला शेवटचा कॅश मिळवताना साडेसहाला. चहातल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे साडेसहाच्या कपातलं निम्मं साडेअकराला अजून अंगात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत ते याच्या जवळजवळ दुप्पट वेळ राहतं, हे डॉक्टर बाईंनी मुद्दाम सांगितलं. आता त्या आठवड्यात शेवटचा चहा दुपारी दोनला. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, मग नाही. झोपताना दुधाचा मोठा पेलाही बंद केला. तो मला पहाटे लघवीला उठवत होता.

पाचवं, शेवटच्या दोन रात्रींची तयारी. उणे एक आणि पहिल्या रात्री जाग येते ती वेगळ्या कारणानं: गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ वाढतात, त्यानं कळा येतात. डॉक्टरांनी वेदनेची गोळी लिहून दिली आहे. कळ असह्य झाल्यावर नव्हे, ती सुरू होताच, पोटात अन्न असताना घ्यायची. आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ही गोळी आपल्या मनानं घेऊ नये. सोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, पण डोळे मिटायला लागले की बाजूला. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी कुणी बोलत नाही. ‘रात्रीच आली तर? चादर खराब झाली तर?’ या धास्तीनं मी अर्धवट जागी असायचे. आता उणे दोनपासून पॅड लावूनच झोपते आणि खाली जुना टॉवेल घालते. त्यानं रात्री दोनदा येणारी जाग तरी वाचली.

शिल्लक

पाचव्या आणि सहाव्या महिन्याचे आकडे मी एकत्र केले. वाईट आठवड्यात बिछान्यावर पावणेसात तास, झोप पाच तास पन्नास मिनिटं. चांगल्या आठवड्यातली साडेसहा तासांची झोप जशीच्या तशी होती. म्हणजे आधी सव्वा तास जात होता, आता चाळीस मिनिटं जातात. पस्तीस मिनिटं माझ्या उपायांनी घालवलेली होती, ती परत आली. उरलेली चाळीस शरीराची आहेत. ती परत मिळवायचा नाद मी सोडला, कारण त्याच नादात गोळी हातात आली होती.

डॉक्टर बाईंनी सांगितलेली एक गोष्ट इथे कामी आली. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजल्या जातात तेव्हा, पाळीच्या आधी झोप फार वाईट झाली असं सांगणाऱ्या बऱ्याच बायकांच्या गाढ झोपेत फारसा फरक सापडत नाही. स्वप्नांची झोप थोडी घटते आणि जाग काहींची वाढते. उलट महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात झोप टिकवून धरणाऱ्या मानल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या लहरी वाढलेल्या दिसतात. म्हणजे वाटतं तेवढं नुकसान झालेलं नसतं. मी रात्री तीनला हे आठवते. ‘डोळा लागला नाही’ असं वाटतं तेव्हाही कुठेतरी लागून गेलेला असतो.

हा हिशेब कुठे लागू पडत नाही

वहीचा दुसरा उपयोग असा, की दुखणं पाळीचं नसेल तर तेही ती दाखवते. झोप महिनाभर सारखीच वाईट असेल तर उणे-अधिकच्या आकड्यांत काही उठून दिसत नाही. माझ्या शेजारी कॅशवर बसणाऱ्या ताईंनी माझं बघून वही घातली. त्यांची जाग रोजची निघाली, आणि कारण पायांचं: आडवं झालं की पायात वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही. पाळीत त्यांना खूप जात होतं. रक्त तपासलं तर शरीरातला लोहाचा साठा, फेरिटिन, फार कमी. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, जास्त रक्तस्रावाचं कारण शोधलं. त्यांना थंड गादीचा काहीच उपयोग झाला नसता. तसंच घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, चाळिशीनंतर रात्री घामानं भिजून उठणं, यांचे रस्ते वेगळे आहेत.

आणि एक गोष्ट वहीवर सोडू नये. पाळीच्या आधीच्या आठवड्यात झोपेसोबत मन इतकं काळवंडत असेल की घर-काम-नाती कोलमडतात, रडू आवरत नाही, जगू नये असं वाटतं, आणि पाळी आली की ते सगळं ओसरतं, तर तो ‘स्वभाव’ नव्हे. पीएमडीडी नावाचा ओळखलेला आजार तो असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. निदान पक्कं करायला दोन चक्रांची रोजची नोंद लागते, पण जगू नये असं वाटत असेल तर दोन महिने थांबू नये; त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठावा.

कामावर मी एवढंच केलं: उणे सहा ते उणे एक या दिवसांत दहा हजारांवरची प्रत्येक स्लिप मी सभासदासमोर मोठ्यानं वाचते, आधी अक्षरी रक्कम, मग आकडा. रांगेतले लोक कधी वैतागतात. वर्षभरात कॅश एकदाही कमी आली नाही.

घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं बारीक उणे आठ लिहून ठेवते. मी काही बोलत नाही. पण त्या संध्याकाळी कामावरून आले की आत्यांनी माळ्यावरची कापसाची गादी उन्हातून काढून, चटईवर घालून ठेवलेली असते, आणि दोननंतर चहा विचारत नाहीत.